बँकेत वाढले, मंडळात घटले

नांदेड,
गणपतीच्या तोंडावर

प्रिय बाळ्या,

तुला मेलबर्नच्या मंडळात खजिनदार केलं हे ऐकून आमच्या घरात आधी सगळे हसले. कॉलेजच्या सहलीची वर्गणी तुझ्याकडे ठेवायला कुणी तयार नसायचं, कारण तू ती पैशापैशाने परत द्यायचास आणि वर हिशेबाचा कागद वाचायला बसवायचास. मग हिनेच म्हटलं, अहो, असाच माणूस लागतो त्या जागेवर. ते खरं आहे. पण सभेत पाच मिनिटं बोलायचंय म्हणून तुला झोप येत नाही, हे काही मला पटलं नाही. तुमचं वर्ष ३० जूनला संपतं आणि पाच महिन्यांत सभा घ्यायची असते, म्हणजे नोव्हेंबरअखेरपर्यंत वेळ आहे. तोवर इकडची गंमत ऐक.

आमच्याकडे सध्या सभांचाच हंगाम आहे. आपल्या राज्यात संस्था १८६० च्या सोसायटी कायद्याखाली नोंदली की ती १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही येते. ३१ मार्चला संपलेल्या वर्षाचं ऑडिट सप्टेंबरअखेर धर्मादाय कार्यालयात पोहोचायला हवं. त्यामुळे जुलैपासून दर रविवारी कुठल्या ना कुठल्या हॉलमध्ये सतरंज्या अंथरलेल्या दिसतात. नोटिशीत छापलेलंच असतं की गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब होऊन अर्ध्या तासाने त्याच जागी भरेल आणि तिला गणपूर्तीची अट राहणार नाही. लोक ते नीट वाचतात आणि बरोबर अर्ध्या तासाने येतात.

मागच्या पंधरवड्यात लातूरला ताईकडे गेलो होतो. दाजींचा सकाळी चालणाऱ्यांचा गट आहे. आता त्याची रीतसर संस्था झाली आहे, तिच्या सभेला मला धरून नेलं. तिथल्या खजिनदारांनी जमाखर्च वाचायला घेतला. 'जमा बाजू. आरंभीची शिल्लक, रोख...' इथपासून 'एकूण' इथपर्यंत एकेक ओळ, पैशांसकट. पाऊण तास गेला. मधेच कुणीतरी पंखा वाढवायला उठलं, ते परत आलंच नाही. शेवटी 'कुणाला काही विचारायचंय का' म्हटल्यावर पहिला प्रश्न आला तो चहाच्या खर्चावर. कोजागिरीला दूध होतं, मग चहा कशाला? त्यावर वीस मिनिटं. गटाच्या ठेवीची मुदत संपून पैसे तसेच बचत खात्यात पडले होते आणि व्याज निम्म्यावर आलं होतं. ते दोन ओळी खाली छापलेलं होतं, त्यावर एक शब्द नाही. लोकांना हिशेब कळत नाही असं मी म्हणणार नाही. चहा किती लागतो ते प्रत्येकाला ठाऊक असतं, म्हणून चहावर बोलता येतं. ठेवीवर बोलायचं तर खजिनदाराने आधी तिच्यावर बोट ठेवायला हवं होतं.

याच गटाचे आधीचे खजिनदार, आता थकलेत, त्यांची एक गोष्ट दाजी नेहमी सांगतात. २०१६ चा उन्हाळा तुला आठवत असेल. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, १२ एप्रिलला पहिली गाडी आली. या लोकांनी मैदानाकडेला झाडं लावली होती, ती जगवायला फेब्रुवारी-मार्चभर टँकर घेतले. टँकरवाल्याने बिल दिलं एप्रिलमध्ये. सभासद म्हणाले, पैसे एप्रिलमध्ये गेले, मग हा खर्च पुढच्या वर्षात टाका, यंदा शिल्लक बरी दिसेल. त्यावर ते म्हातारबाबा म्हणाले, 'झाडं मार्चमध्ये पाणी प्याली, मग खर्च मार्चचाच. पैसे राहिलेत ते देणं म्हणून दाखवू.' एका वाक्यात त्यांनी जमाखर्च आणि उत्पन्न-खर्च यांतला फरक सांगून टाकला. जमाखर्च म्हणजे पैसा कधी आला आणि कधी गेला. उत्पन्न-खर्च म्हणजे या वर्षाचं म्हणून काय मिळालं आणि काय लागलं. सभेत गोंधळ होतो तो बहुतेक वेळा या दोन कागदांच्या मधे.

आता आमच्या मंडळाकडे येतो, कारण तुला खरं दाखवायचंय ते तिथलं भाषण.

आमचं गाणं ऐकणाऱ्यांचं मंडळ. महिन्याला एक बैठक, दिवाळीत एक पहाट, एवढाच कारभार. खजिनदारबाई बँकेतून निवृत्त झालेल्या, बोलायला कमी. सभेच्या आठ दिवस आधी त्यांनी सगळ्यांना एक पानाचा कागद पाठवला: डावीकडे गेलं वर्ष, उजवीकडे यंदाचं, आकडे जवळच्या शंभरापर्यंत गोल केलेले. सभेत त्या उभ्या राहिल्या आणि साधारण असं बोलल्या. मी टिपून ठेवलं होतं:

'अध्यक्ष आणि सभासदहो, कागद तुमच्या हातात आहे, तो मी वाचून दाखवत नाही. त्यातलं काय बघायचं तेवढं सांगते.

३१ मार्चला आपल्या बचत खात्यात १,३२,४०० रुपये होते. त्याआधीच्या मार्चअखेर १,१८,४०० होते. म्हणजे बँकेत १४,००० वाढले. पण वर्ष आपल्याला ६५,००० रुपयांच्या तुटीचं गेलं आहे. दोन्ही आकडे बरोबर आहेत आणि दोन्ही एकाच वेळी खरे आहेत, ते कसं ते ऐका.

खात्यातल्या पैशांपैकी ९०,००० यंदा झालेल्या नऊ आजीव सभासदांचे आहेत. ते खर्चायचे नाहीत, कायम ठेवायचे. मार्चमध्ये ते बचत खात्यातच होते, एप्रिलमध्ये त्यांची मुदत ठेव केली. सहा जणांनी पुढच्या वर्षाची वर्गणी आधीच भरली, ते ६,००० पुढच्या वर्षाचे. मार्चचं हॉलचं भाडं ६,००० द्यायचं राहिलं होतं. एवढं बाजूला काढलं की आपल्या हातचे राहतात ३०,४००. गेल्या वर्षी असं बाजूला काढण्यासारखं काही नव्हतं, सगळेच मोकळे होते. म्हणजे मोकळा पैसा ८८,००० ने कमी झाला आहे.

तूट बैठकांत आहे. वर्षाला बारा बैठका. हॉलचं भाडं ७२,०००, कलाकारांचं मानधन आणि प्रवास १,२४,०००. मिळून १,९६,०००. वर्गणी जमली १३६ सभासदांची १,३६,०००. म्हणजे आपण एकेका बैठकीला बसतो तेव्हा पाच हजार रुपये कमी पडलेले असतात. दिवाळी पहाटेला ७,००० कमी पडले, छपाई-टपाल-फोनला १४,००० गेले, घसारा ५,०००. ठेवींचं व्याज २१,००० आलं म्हणून तूट ६५,००० वर थांबली.

ध्वनिसंच घेतला त्याचे २८,००० या तुटीत नाहीत. पैसे गेले, पण संच कपाटात आहे, तो ताळेबंदात दिसेल.

ऑडिटरांचा एक शेरा आहे. दोन व्हाउचरांवर पैसे घेणाऱ्याची सही नव्हती. ती आता घेतली आहे. पावतीपुस्तकं, व्हाउचरं, पासबुक त्या टेबलावर आहेत, सभा संपेपर्यंत कुणीही बघावं. वर्गणीचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर पुढे वेगळा आहे. आत्ता फक्त हिशेब मंजूर करावेत ही विनंती.'

बसल्या. चार-साडेचार मिनिटं झाली असतील.

बाळ्या, यात बाईंनी काय केलं ते बघ. लोकांना आपोआप आनंद झाला असता तो आकडा, बँकेत चौदा हजार वाढले, तो त्यांनी सगळ्यात आधी स्वतःच सांगितला आणि लगेच त्याच्या पोटात काय आहे ते काढून दाखवलं. त्या गप्प बसल्या असत्या तर कुणीतरी पासबुकाचा आकडा धरून 'मंडळ फायद्यात आहे' म्हटलं असतं आणि मग वर्गणी वाढवायच्या विषयावर भांडण पेटलं असतं. उलट नुसती ६५,००० ची तूट सांगितली असती तर मागच्या रांगेतून हमखास आवाज आला असता, 'अहो, मग बँकेत पैसे वाढले कसे?' एकदा हा प्रश्न असा उभा राहिला की खजिनदाराचं नंतरचं सगळं बोलणं सारवासारव वाटतं.

तुझ्यासारख्या हिशेबी माणसासाठी जुळणी सांगून ठेवतो, कारण तू रात्री कागद घेऊन बसशीलच. उणे ६५,००० पासून सुरू कर. आजीव वर्गणीचे ९०,००० आले, आगाऊ वर्गणीचे ६,००० आले, भाड्याचे ६,००० जायचे राहिले, घसाऱ्याचे ५,००० हे नुसते कागदावर गेले, खिशातून गेलेच नाहीत. हे सगळं मिळवलं की ४२,००० होतात. त्यातून संचाचे २८,००० वजा कर. राहिले १४,०००. बाईंनी हे सभेत सांगितलं नाही, सांगायचंही नसतं. पण घरी हे जुळल्याशिवाय त्या उभ्या राहिल्या नसत्या. भाषणातलं प्रत्येक वाक्य कशातून आलं ते खजिनदाराला ठाऊक असायला हवं, आणि त्यातलं निम्मंच त्याने बोलायला हवं.

आजीव सभासदत्वाबद्दल दोन शब्द जास्त लिहितो. मराठी मंडळांत हा सगळ्यांत गोड घोटाळा असतो आणि तुमच्याकडेही असणार. दहा हजार एकदम हातात पडतात, पावती फाडताना खजिनदाराला धन्य वाटतं. पण हा माणूस आता कधीच वर्गणी देणार नाही. त्याच्या दहा हजारांवर सात टक्क्यांनी वर्षाला ७०० रुपये येतात. साधा सभासद देतो १,०००. म्हणजे प्रत्येक आजीव सभासदामागे मंडळाला दर वर्षी ३०० कमी मिळतात, आणि सतरंजीवर जागा मात्र तेवढीच लागते. आमचे जुने आजीव सभासद तीस, त्यांच्या तीन लाखांच्या ठेवीचं व्याज ते २१,०००. ज्या मंडळांत आजीव वर्गणी उत्पन्नात धरून खर्चून टाकतात, तिथे काही वर्षं झकास जातात. मग एक दिवस लक्षात येतं की निम्मे सभासद फुकट बसलेत आणि त्यांचा पैसा मांडववाल्याने नेऊन जमाना झाला. हे ओळखायचं कसं? ताळेबंदात आजीव सभासद निधी किती लिहिलाय ते बघ आणि शेजारी मुदत ठेवी किती आहेत ते बघ. निधी जास्त आणि ठेवी कमी, तर फरक खर्चून झालेला आहे. नवा खजिनदार म्हणून पहिलं काम हे कर. तुझ्या आधीच्या लोकांनी काय केलंय ते तुला पाच मिनिटांत कळेल.

भाषणानंतर प्रश्न आले. एक चहाचा होताच, तो कुठे चुकतोय. पण एक सुरेख होता. मागे बसलेल्या एका निवृत्त मास्तरांनी मधल्या वेळात पावतीपुस्तकाच्या स्थळप्रती मोजल्या होत्या. ते म्हणाले, 'बाई, वर्गणीदार १३६ म्हणता. वर्गणीच्या पावत्या १४२ आहेत. सहा जास्त कशा?' सगळे सावरून बसले. बाई हसल्या आणि म्हणाल्या, 'सर, तेच ते आगाऊवाले सहा. त्यांच्या दोन-दोन पावत्या आहेत, दुसरीवर पुढचं वर्ष लिहिलंय.' मास्तरांनी पुन्हा पुस्तक उघडलं, पाहिलं, मान हलवली. सभेतला विश्वास जो काय निर्माण झाला तो त्या क्षणी झाला असं मला वाटतं, भाषणाने अर्धाच झाला होता. पावतीपुस्तक टेबलावर ठेवायचं ते यासाठी. आणि त्यात रद्द झालेल्या पावतीच्या दोन्ही प्रती असल्या पाहिजेत, फाडून टाकलेली एकही नको. क्रमांकात खिंड दिसली की मास्तरांसारखा माणूस तिथून आत शिरतो, आणि त्याने शिरावंच.

रोखीचंही असंच. यंदा मार्चअखेरीची मजा अशी की रविवारी ३० ला पाडवा होता आणि सोमवारी ३१ ला ईद. बाईंनी शनिवारीच जवळची सगळी रोकड खात्यात भरून टाकली. कुणी म्हणालं, तीन-चार हजारांसाठी एवढी घाई कशाला? त्या म्हणाल्या, '३१ मार्चला हातातली रोख म्हणून काही लिहिलं की ते माझ्या घरात आहे असं लिहिल्यासारखं होतं.' मला हे फार आवडलं. ज्या मंडळाच्या ताळेबंदात दर वर्षी हातातली रोख चाळीस-पन्नास हजार दिसते, तिथे लबाडी असेलच असं नाही, पण ती रोख त्या दिवशी कुणी डोळ्यांनी पाहिलेली नसते हे नक्की.

आणि आता नवं दुखणं, तुमच्याकडे वेगळ्या नावाने असेल. आमच्या ओळखीच्या एका मंडळात खजिनदाराने स्वतःच्या मोबाइलचा क्यूआर वर्गणीसाठी लावला. सोय म्हणून, मनात काही नव्हतं. वर्षाअखेर बसले तर वर्गणी, दुधाचे पैसे, भाडेकरूचं भाडं, सुनेने पाठवलेले, सगळं एकाच खात्यात. पैसे पूर्ण होते. पण कुठले हजार मंडळाचे आणि कुठले भाडेकरूचे हे सिद्ध करता करता बिचारा रडकुंडीला आला. ऑडिटरने शेरा मारला, सभेत दोन तास गेले, आणि बावीस वर्षं सचोटीने काम केलेल्या माणसाने राजीनामा दिला. तेव्हा पहिल्या दिवशी मंडळाच्या खात्याचाच क्यूआर लाव. कुणी 'तुझ्याच नंबरवर टाकतो रे' म्हणालं तरी ऐकू नकोस, अगदी जवळचा असला तरी.

तुला गंमत वाटेल, सत्यशोधक समाज २४ सप्टेंबर १८७३ ला पुण्यात स्थापन झाला तेव्हा जोतीराव फुले त्याचे अध्यक्षही होते आणि खजिनदारही. आज एका माणसाकडे दोन्ही पदं दिली तर ऑडिटर भुवया उंचावेल. पण त्या समाजाने पहिल्या काही वर्षांतच आपल्या कामाचे अहवाल छापून लोकांपुढे ठेवले. वर्गणी देणारे बरेचसे साधे लोक होते आणि बाहेर टपून बसलेले टीकाकार भरपूर. अशा वेळी छापलेला कागद हाच जामीन. तुमच्याकडे टीकाकार नसतील असं समजू नकोस. मंडळात मोदकांच्या दर्जावरून फूट पडल्याचं तूच मला सांगितलं होतंस.

बोलण्याच्या तऱ्हेबद्दल विचारलं होतंस, तर माझं मत सांगतो. शेकड्यापर्यंतचे आकडे कागदावर, हजारांतले तोंडात. टक्केवारी शक्य तितकी टाळ. 'बैठकखर्चाच्या ३१ टक्के तूट' म्हटलं असतं तर आमच्या सभेत कुणाला ढिम्म कळलं नसतं. 'एकेका बैठकीला पाच हजार कमी' म्हटल्यावर पुढच्या रांगेतल्या काकूंनी लगेच आजूबाजूला बघितलं, जणू ते पाच हजार कुठे सांडलेत ते शोधत होत्या. कलाकारांच्या नावाने आकडे मात्र सभेत सांगू नयेत. अमक्याला किती दिले हे व्हाउचरावर आहे, ज्याला बघायचं त्याने बघावं. माइकवरून सांगितलं की पुढच्या वर्षी त्या कलाकाराशी बोलणं अवघड होतं. आणि ऑडिटरचा शेरा असेल तर तो आपणच वाचावा. दुसऱ्याने वाचला तर तो आरोप होतो, आपण वाचला तर माहिती होते.

हिशेब मंजूर करणं आणि वर्गणी वाढवणं हे विषय बाईंनी वेगळे ठेवले, हे तर मी शंभरदा सांगेन. एकत्र झाले की लोक वर्गणी टाळायला हिशेबातच खुसपटं काढतात. आमच्याकडे सूचक-अनुमोदक झाले, हिशेब मंजूर झाले, मग खरी सभा सुरू झाली. कार्यकारिणीचा प्रस्ताव होता १,५००. १३६ जणांचे पाचशे-पाचशे म्हणजे ६८,०००, तूट भरून तीन हजार वर. बाईंनीच अडवलं. म्हणाल्या, 'दहा जणांनी जरी सोडलं तरी पंधरा हजार जातील, एवढं धरून चाला.' एकजण म्हणाला, बैठका दहा करा. त्याला चौघांनी एकदम गप्प केलं. गाणं कमी करायला कुणी तयार नव्हतं आणि पैसे वाढवायलाही, म्हणजे नेहमीचंच.

शेवटी १,४०० वर तडजोड झाली. त्याने ५४,४०० वाढतात. नव्या नऊ आजीव सभासदांच्या ठेवीचं व्याज ६,३०० येईल. तरी चार-साडेचार हजार कमीच पडतात. ते दिवाळी पहाटेतून काढायचे असं ठरलं. म्हणजे यंदा पहाट तरी स्वतःच्या पायावर उभी राहिली पाहिजे, चहा-फराळ कुणातरी व्यापाऱ्याच्या गळ्यात घालायचा. तो व्यापारी शोधायचं काम माझ्याकडे आलंय. आजीव वर्गणी मात्र दहावरून पंधरा हजार केली. त्यावर एक प्रश्नही आला नाही, कारण ज्यांना ती भरायची होती ते सभेला आलेलेच नव्हते.

तुझा ताळेबंद तयार झाला की मला पाठव. डॉलरमध्ये असला तरी चालेल, बेरीज तीच असते. आणि त्यात आजीव सभासद निधी आणि ठेवी हे दोन आकडे शेजारी-शेजारी लिहून पाठव, मी तेच आधी बघणार आहे. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. आईची तब्येत बरी आहे, तुझी चौकशी करत असते.

तुझा,
दोस्त

ता. क. बाईंनी तो एक पानाचा कागद मला द्यायचं कबूल केलंय, सभासदांची नावं खोडून. फोटो काढून पाठवतो. तुझ्या भाषणाआधी हवा असेल तर लवकर सांग, गणपती सुरू झाले की दहा दिवस त्यांना गाठणं कठीण.